हीटर गार हवा फेकतोय? डॅशबोर्ड उतरवण्याआधी दोन पाइपांना हात लावून बघा

प्रश्न: २०१३ ची सेकंडहँड हॅचबॅक आहे, १.२ पेट्रोल. रोज सकाळी सहाला निफाडहून नाशिकला जातो. हीटर लावला की गारच हवा येते. रस्त्याला लागलं की जरा कोमट होते, सिग्नलला थांबलं की परत गार. डॅशबोर्डच्या आत पाणी खळखळल्यासारखा आवाज येतो. टेंपरेचरचा काटा मात्र मध्येच असतो. दिवाळीपासून दोनदा कुलंट टाकलं. गॅरेजवाला म्हणतो हीटर कोर गेलाय, अख्खा डॅशबोर्ड उतरवायचा, दोन दिवस गाडी ठेवा. खरंच गरज आहे का?

उत्तर: पुढेमागे लागेलही, पण आज नाही. आधी गॅरेजवाल्याला एवढंच विचारा की कोर ‘गेलाय’ म्हणजे गळतोय की चोक झालाय? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्हींची लक्षणं वेगळी. नुसता चोक झालेला कोर कुलंट पीत नाही आणि खळखळही करत नाही. तुमच्या गाडीत कुलंट कमी होतंय, आवाज येतोय, आणि चालताना कोमट, थांबल्यावर गार असं चाललंय. हे तिन्ही एकत्र दिसलं की माझा पहिला अंदाज एकच असतो: कुलंट कमी आहे आणि सिस्टीमने एअर धरलीय. कोर चोक असेलही, पण ते एअर काढल्यानंतरच कळेल.

हीटर म्हणजे डॅशबोर्डमागे बसवलेला एक छोटा रेडिएटर. इंजिनातलं तापलेलं कुलंट एका पाइपने त्यात येतं, दुसऱ्याने परत जातं, आणि ब्लोअर त्याच्या जाळीतून हवा ढकलतो. बऱ्याच गाड्यांत हा कोर उंचावर बसतो. पाणी कमी झालं की हवा वरच जाऊन बसणार, म्हणजे कोरमध्ये. कुलंट फिरवणारा पंप (गॅरेजच्या भाषेत वॉटर बॉडी) इंजिनच्या जोरावर फिरतो. आयडलिंगला त्याचा जोर कमी, मग तो हवेचा बुडबुडा काही ढकलू शकत नाही आणि कोरमध्ये गरम कुलंट पोचतच नाही. तुम्ही चांदोरीच्या पुढे मोकळ्या रस्त्यावर आलात, इंजिन अडीच हजारावर फिरायला लागलं की थोडं कुलंट बुडबुड्याच्या कडेने वर चढतं आणि हवा कोमट होते. सिग्नलला पुन्हा येरे माझ्या मागल्या. ती खळखळ म्हणजे कोरमध्ये हवा आणि पाणी एकत्र फिरत असल्याचा आवाज.

काटा मध्ये आहे म्हणून निर्धास्त राहू नका. एकतर आजकालच्या गाड्यांत काटा मुद्दामच असा ठेवलेला असतो की बऱ्याच अंशांच्या फरकात तो जागचा हलत नाही. दुसरं, टेंपरेचरचा सेन्सर कुलंटमध्ये बुडालेला असेल तरच खरं सांगतो. पाणी त्याच्या खाली गेलं की तो नुसत्या हवेत लटकतो आणि इंजिन तापत असतानाही कमी दाखवतो. म्हणून हीटरकडे मी थंडीची सोय म्हणून बघत नाही. कुलंट कमी होतंय हे काट्याच्याही आधी तोच सांगतो. चांगला गरम चालणारा हीटर रस्त्यात अचानक गार पडला तर गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. पुढचे चार किलोमीटर रेटून हेड गॅसकेट जाळलेली माणसं मी पाहिली आहेत.

आता काम कुठून सुरू करायचं? सकाळी, गाडी रात्रभर उभी राहून पूर्ण गार झालेली असताना. गरम गाडीचं रेडिएटर झाकण उघडू नका. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी सगळे उघडतात. आत कुकरसारखा दाब असतो आणि त्या दाबामुळेच शंभर अंशांच्या वर जाऊनही ते पाणी उकळत नाही. झाकण सुटलं की दाब जातो आणि सगळं एकदम उकळून वर येतं. माझ्या उजव्या हातावर कोपरापर्यंत जो डाग आहे तो मी चोवीस वर्षांचा असताना घाई केल्याचा आहे, आणि तेव्हा हातात फडकंसुद्धा होतं.

गार गाडीत बाटलीतली पातळी बघून समाधान मानू नका. ज्या गाडीत रेडिएटरला वेगळं झाकण आणि बाजूला साधी ओव्हरफ्लो बाटली असते, तिथे बाटली भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा, हे मी वर्षाला दहा-बारा वेळा बघतो. झाकणात दोन वॉल्व असतात. गरम झाल्यावर जास्तीचं कुलंट एक बाटलीत सोडतो, गार होताना दुसरा ते परत आत ओढू देतो. झाकणाचं रबर चिरलं किंवा बाटलीकडे जाणारी बारीक नळी फाटली की गार होताना कुलंटऐवजी हवा आत ओढली जाते. बाटली तशीच भरलेली राहते, रेडिएटर रोज थोडा थोडा रिकामा होतो. म्हणून झाकण काढून मानेतून आत डोकवा. कुलंट काठापर्यंत दिसलं पाहिजे. ज्या गाडीत रेडिएटरला झाकणच नाही आणि बाटलीवरच जाड आट्यांचं झाकण आहे, तिथे मात्र बाटलीची पातळी हीच खरी पातळी.

गेल्या डिसेंबरात पिंपळगावच्या एका शिक्षकांची गाडी आली होती, तुमच्यासारखीच लक्षणं, तेही दोन गॅरेज फिरून आलेले. त्या आठवड्यात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा घसरल्याच्या बातम्या रोज पेपरात होत्या, आणि सर मफलर, कानटोपी घालून गाडी चालवत होते. बाटली मॅक्सच्या रेघेपर्यंत भरलेली. झाकण उघडलं तर मानेत काहीच दिसेना. भरायला लागलो तेव्हा सव्वा लिटर गेलं. सगळी सिस्टीम मिळून चार-साडेचार लिटरची, म्हणजे पाव हिस्सा हवाच होती. झाकणाच्या रबराला नखाने दाबलं तर भेग उघडली. खालच्या होजच्या क्लिपपाशी गुलाबी पापुद्रा जमलेला होता. थेंब गरम इंजिनवर सुकून जात होता, म्हणून खाली जमिनीवर डाग पडत नव्हता. झाकण नवं, क्लिप नवी. इथवरचं काम अर्ध्या तासाचं.

तुमच्या गाडीतही कुलंट कुठे जातंय हे शोधल्याशिवाय तिसऱ्यांदा भरू नका. होजची टोकं, रेडिएटरचा प्लॅस्टिक टाकीशी असलेला जोड आणि वॉटर बॉडीच्या खालचं बारीक भोक, तिन्ही टॉर्च लावून बघा. सुकलेल्या कुलंटचा गुलाबी, हिरवा किंवा पांढरट पापुद्रा दिसला की तीच जागा. मग पुढच्या सीटसमोरचे मॅट उचला आणि खालच्या कार्पेटवर हात दाबा. ओलं, चिकट लागलं, केबिनमध्ये गोडसर वास येत असेल आणि हीटर लावल्यावर काचेला आतून तेलकट वाफ धरत असेल, तर कोर खरोखर गळतोय आणि तुमच्या गॅरेजवाल्याचं म्हणणं बरोबर आहे. बाहेर आणि आत कुठेच काही सापडलं नाही, आणि गार इंजिन सुरू केल्यावर दोन मिनिटांतच वरचा होज दगडासारखा टणक होत असेल किंवा मानेतून बुडबुडे थांबतच नसतील, तर सिलिंडरमधला वायू कुलंटमध्ये घुसतोय. ते हेड गॅसकेटचं काम. तिथे कितीही एअर काढा, दुसऱ्या दिवशी परत तयार.

एअर काढणं अवघड नाही, पण वेळखाऊ आहे. गॅरेजमध्ये तेच होत नाही, भरलं आणि झाकण लावून दिलं. गाडीचं नाक वर राहील अशा चढावर उभी करा, म्हणजे रेडिएटरची मान सगळ्यात उंच येते. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा. हीटरचा नॉब पूर्ण गरमवर ठेवा, कारण काही गाड्यांत त्या नॉबनेच कोरकडे जाणारा वॉल्व उघडतो. ब्लोअर एकवर पुरे. होजवर किंवा थर्मोस्टॅटच्या घरावर एअर काढायचा छोटा स्क्रू असेल तर तो गार इंजिनवर सैल करा, कुलंट हळूहळू ओता आणि स्क्रूतून बुडबुड्यांशिवाय सलग धार आली की घट्ट करा. मानेत घट्ट बसणारं उंच नरसाळं मिळालं तर फारच छान, त्यात अर्धं कुलंट भरून ठेवायचं. झाकण उघडं ठेवूनच इंजिन चालू करा आणि आयडलिंगवर सोडा. आठ-दहा मिनिटांत बुडबुडे यायला लागतात. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते, तिथे परत भरायचं. अधूनमधून दोन-अडीच हजारापर्यंत हळू रेस द्या आणि फडकं घेऊन वरचा होज दाबत राहा, कारण अडकलेला बुडबुडा त्या हिसक्याने सुटतो. रेस सोडताना कुलंट उसळू शकतं, तोंड लांब ठेवा. रेडिएटरचा पंखा कधीही आपोआप फिरतो, बोटं आणि मफलरची टोकं सांभाळा. पंखा दोनदा चालू-बंद झाला, बुडबुडे थांबले आणि डॅशबोर्डमधून गरम हवा आली की इंजिन बंद करा आणि ते गार होईपर्यंत थांबा. मग काठापर्यंत भरून झाकण लावा. यात पाऊण तास जातोच. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा उघडून बघायचं. पाव-अर्धा ग्लास कमी झालेलं असतं, तेवढं भरलं की झालं.

भरायचं काय? मॅन्युअलमध्ये जे सांगितलंय ते, तयार मिश्रण किंवा निम्मं कुलंट आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर. रंग जुळला म्हणजे कुलंट जुळलं असं नाही, रंग कंपन्या आपापल्या मर्जीने देतात. आधी काय भरलंय हे माहीत नसेल तर सगळं काढून नवं भरा. निघालेलं कुलंट उघड्यावर ठेवू नका. चवीला गोड असतं, कुत्री चाटतात आणि मरतात.

एवढं झाल्यावर कोरची परीक्षा. इंजिन पूर्ण गरम करा, हीटर फुल गरम, ब्लोअर फुल. बॉनेट उघडून इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातून आत जाणारे दोन रबरी पाइप शोधा. एकमेकांशेजारी असतात, जाडी साधारण अंगठ्याएवढी. दोघांना आधी हाताच्या पालथ्या बाजूने हलकेच स्पर्श करा. दोन्ही चटका बसेल इतके गरम, तरी आत हवा गार? मग कोर चांगला आहे. आत गरम-गार हवा फिरवणारी झडप किंवा तिची केबल अडकलीय, आणि ते काम बहुतेक गाड्यांत डॅशबोर्ड न उतरवता होतं. एक चटका देणारा आणि दुसरा जेमतेम कोमट, म्हणजे कोरमधून कुलंट पुढे सरकत नाहीये. एअर तर आपण काढली, म्हणून आता चोकवर संशय घ्यायचा. दोन्ही गार असतील तर गरम कुलंट कोरपर्यंत येतच नाहीये: परत पातळी बघा, वॉल्व बघा, वॉटर बॉडी बघा.

सरांच्या गाडीत एअर काढल्यावर हीटर सिग्नलला गार पडायचा थांबला, पण ब्लोअर तीनवर टाकला की कोमटच. टेंपरेचर गनने मोजलं तर आत जाणारा पाइप ८४ अंश, बाहेर येणारा ४६. चांगल्या कोरमध्ये हा फरक दहा-पंधरा अंशांचा असतो. अडतीस म्हणजे कुलंट आत रेंगाळतंय. विचारलं तेव्हा सर म्हणाले, “आधीचा मालक बोअरचंच पाणी टाकायचा. रेडिएटर गळायला लागला तेव्हा हळद टाकली होती म्हणे.” हळद, अंडं, लीक बंद करायची पावडर, सगळ्यांचं काम एकच: बारीक फट दिसली की तिथे जाऊन बसायचं. आणि सगळ्या सिस्टीममध्ये सगळ्यात बारीक नळ्या हीटर कोरच्या. त्यात बोअरच्या पाण्याचा क्षार. आपल्याकडे हीटर वर्षातून वीस दिवस लागतो, त्यामुळे कोर चोक झालाय हे कळायलाच चार-पाच हिवाळे जातात.

कोर जागेवरच धुता येतो. गार इंजिनवर दोन्ही पाइप काढायचे, पण ओढून नाही. जुना रबर कोरच्या तोंडाला चिकटलेला असतो, आणि ते तोंड प्लॅस्टिकचं असलं तर ओढताना तुटतं. मग डॅशबोर्ड उतरवण्याला पर्याय नाही. पाइप गोल पिळून सैल करायचा, नाही सुटला तर ब्लेडने उभा कापायचा आणि नवा टाकायचा. होज स्वस्त आहे. दोन्ही तोंडांना पारदर्शक नळ्या लावल्या आणि ज्या तोंडातून कुलंट बाहेर येतं त्यातून नळाचं पाणी सोडलं. उलट्या दिशेने, कारण कचरा आत जाणाऱ्या बाजूला अडकलेला असतो. आधी मोजलं: नुसत्या नळीने दहा लिटरची बादली पाऊण मिनिटात भरत होती, कोरमधून तीच बादली भरायला साडेतीन मिनिटं लागली. आधी चहासारखं पाणी आलं, मग पिवळसर गाळ, मग पांढरे पापुद्रे. दिशा बदलत राहिलो, सरळ पाच मिनिटं, उलट पाच मिनिटं. रेडिएटर फ्लशचं गरम पाणी भरून अर्धा तास ठेवलं आणि पुन्हा धुतलं. चौथ्या फेरीनंतर बादली सव्वा मिनिटावर आली. शेवटी एक लिटर डिस्टिल्ड वॉटर फिरवलं, नवं कुलंट भरलं, परत एअर काढली. आता आत ८५, बाहेर ७१ आणि मधल्या जाळीतून ५४ अंशांची हवा.

या कामात दोन गोष्टी करू देऊ नका. एक, कॉम्प्रेसरची थेट हवा. टायर भरायच्या दाबाने कोरचे जोड फुटतात, नळाचा दाब पुरे. दुसरी, टॉयलेट क्लीनरसारखं ॲसिड किंवा कॉस्टिक. कोर ॲल्युमिनियमचा असतो, क्षार जाईल आणि सोबत कोरही. आणि बादलीचा वेळ तीन-चार फेऱ्यांत अजिबात सुधारला नाही, किंवा सुधारून महिन्याभरात परत हीटर कोमट झाला, तर धुण्यावर पैसे घालू नका. तो कोर बदलायचाच आहे. तेव्हाही आधी खात्री करा की तुमच्या मॉडेलला खरोखर डॅशबोर्ड उतरवावा लागतो का. काही गाड्यांत कोर पायाशी बाजूने सरकवून निघतो.

एक गोंधळ टाळण्यासाठी सांगतो. तुमचं लक्षण उलटं असतं, म्हणजे सिग्नलला गरम आणि हायवेवर गार, तर मी कोर आणि एअर दोन्ही सोडून थर्मोस्टॅट बघितला असता. तो उघडाच अडकला की चालत्या गाडीत इंजिन तापतच नाही. सेकंडहँड गाडीत तर तो आहे का हेही बघा. गाडी गरम होते म्हणून ‘वॉल्व काढून टाकला’ हा आपल्याकडचा जुना उपाय. तसंच कोर गळतो म्हणून दोन्ही पाइप एकमेकांना जोडून कोरच बाजूला काढलेला असतो, आणि नवा मालक हिवाळाभर नॉब फिरवत बसतो. पत्र्यातून आत जाणारे पाइपच सापडले नाहीत, तर हेच झालंय असं समजा.

तुमच्या गाडीला क्रम असा लावा: झाकण, गळती, एअर, आणि मग दोन पाइप. रविवारी सकाळी एअर काढून घ्या. सोमवारी गार गाडीत मानेपर्यंत भरून बाटलीवर मार्करने रेघ मारा. आठ दिवसांनी त्याच वेळी, गाडी तशीच गार असताना बघा. रेघ जागेवर आणि मान भरलेली असेल तर दोन पाइपांचं तापमान मोजून मला कळवा. पातळी उतरली असेल तर आधी मॅटखालचं कार्पेट पुन्हा चाचपा.